डिस्चार्ज समरी हातात आली. घरच्या जुन्या गोळ्यांचं काय करायचं?

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट आणि पाचव्या दिवशी घरी सुट्टी. बिल भरण्याच्या गडबडीत तीन-चार पानांची डिस्चार्ज समरी फाइलमध्ये जाते. रात्री औषध द्यायची वेळ होते तेव्हा टेबलावर दोन ढीग असतात. एक रुग्णालयातून आणलेल्या गोळ्यांचा, दुसरा आधीपासून घरात असलेल्या गोळ्यांचा. मोठी चूक इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. 62 वर्षांचे वडील, जुना रक्तदाब आणि मधुमेह. घरी टेल्मिसार्टन, रोसुवास्टॅटिन आणि मेटफॉर्मिन चालू होतं. समरीत शेवटच्या पानावर ‘डिस्चार्जवेळचा सल्ला’ या मथळ्याखाली पाच औषधं आहेत : अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल. जुन्या तिन्हींबद्दल एक अक्षरही नाही.

कंपनीचं नाव नको, औषधाचं खरं नाव वाचा

पाकिटावर एक नाव कंपनीचं असतं. औषधाचं खरं नाव त्याच्याजवळच छापलेलं असतं. दोन्ही ढिगांतली ही खरी नावं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि नावाची शेपूट पाहा. ‘स्टॅटिन’ने संपणारी दोन्ही औषधं कोलेस्टेरॉलचीच आहेत. दोन्ही दिली तर स्नायू दुखणं आणि यकृताला त्रास होण्याचा धोका वाढतो. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ यांची नावं जुळत नाहीत, पण काम जवळपास एकच. दोन्ही एकत्र गेली तर रक्तदाब फार उतरू शकतो, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

उरलं मेटफॉर्मिन. अँजिओप्लास्टीत वापरलेल्या डायमुळे ते काही वेळा थांबवतात आणि क्रिएटिनिन तपासून पुन्हा सुरू करतात. ते समरीत नाही म्हणजे कायमचं बंद, असं समजू नका. जुनंच चालू ठेवायचं, असंही नाही. सुट्टी घेण्याआधीच डॉक्टरांकडून प्रत्येक जुन्या गोळीपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहून घ्या. राहून गेलं असेल, तर समरीवरच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा.

1-0-1 आणि ‘15 दिवस’

1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे रोज नाही, त्रास झाला तरच.

सगळ्यात फसवा आकडा दिवसांचा. क्लोपिडोग्रेलपुढे ‘15 दिवस’ लिहिलेलं असतं, कारण फेरतपासणी पंधराव्या दिवशी असते. अँटिबायोटिकसारखा कोर्स संपला, असं समजून घरचे गोळी थांबवतात. झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर एकत्र चालतात. त्या मध्येच थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. म्हणून गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधी नवीन आणा. दात काढायचा असला तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका.

फेरतपासणीला रिकाम्या हाताने जाऊ नका

‘रिपोर्टसह दाखवा’ असं लिहिलं असेल, तर कोणते रिपोर्ट ते खाली शोधा. रॅमिप्रिल नव्याने सुरू झालं असेल तर बहुधा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम असतं. ही तपासणी एक-दोन दिवस आधी करून घ्या. रोजच्या रक्तदाबाची आणि साखरेची वही, तसंच घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

कधी वाट पाहायची नाही

छातीत दुखणं किंवा दाब, दम लागणं, घाम फुटणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर रुग्णाला बसवा. एसओएसमध्ये जिभेखालची गोळी लिहून दिली असेल, तर ती लिहिल्याप्रमाणे द्या. पाच मिनिटांत आराम नसेल तर 108 ला फोन करा. गोळी दिलेली नसेल किंवा रुग्ण बेशुद्ध पडला असेल, तर पाच मिनिटंही थांबू नका. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. त्यामुळे अचानक दम आणि घाम आला तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका.

डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी हे आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी गोळी स्वतःच बंद करून घरी बसू नका, थेट रुग्णालय गाठा. मनगटातून किंवा जांघेतून नळी घातली होती तिथून रक्त आलं किंवा सूज वाढू लागली, तर ती जागा घट्ट दाबून धरा आणि दाबतच रुग्णालयात न्या.

डॉक्टरांनी ‘बंद’ लिहिलेली जुनी पाकिटं त्याच रात्री औषधांच्या डब्यातून बाहेर काढा. सकाळी गोळ्या देणारा माणूस दुसरा असू शकतो.