एकसष्ट लाखांचा प्रश्न

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्याला दार बंद केलं. आधीच्या खेपांमध्ये फळमाशी सापडली होती. बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, पण तोवर हापूसचा एक हंगाम हातचा गेला होता. पुढे युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया रूढ झाली. त्यात फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे आतली अंडी आणि अळ्या मरतात. फळ मात्र टिकलं पाहिजे. हापूस नाजूक असतो. तापमान थोडं चढलं किंवा नंतर तो नीट थंड केला नाही, तर पिकताना साल डागाळते आणि गर एकसारखा पिकत नाही.

रत्नागिरीजवळचा एखादा निर्यातदार आता विचार करतो आहे, की ही प्रक्रिया स्वतःच्याच पॅकहाउसमध्ये करावी. गरम पाण्याच्या टाक्या, थंड करण्याची सोय, प्रतवारीचा पट्टा आणि शीतखोली मिळून खर्च चार कोटी रुपये. हा निर्यातदार आणि पुढचे त्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत, पण त्याच्यापुढचा पेच खरा आहे. हापूसचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष टाक्या कोरड्या आणि पट्टा बंद, बँकेचं व्याज मात्र बाराही महिने चालू. सगळा खर्च आणि कर वजा जाता या सोयीतून वर्षाला ७० लाख रुपये हाती राहतील, आठ वर्षं ती चालेल आणि शेवटी यंत्रं विकून ४० लाख येतील, असं त्याला वाटतं.

साधी बेरीज केली तर आठ वर्षांत सहा कोटी रुपये येतात आणि चार कोटी जातात, म्हणजे धंदा फायद्याचा दिसतो. पण आठव्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. तेवढीच जोखीम घेऊन दुसरीकडे गुंतवलेल्या पैशावर वर्षाला १४ टक्के सुटत असतील, तर पुढच्या वर्षीच्या १ लाख १४ हजारांची आजची किंमत एक लाख. येणारी प्रत्येक रक्कम अशी आजच्या किमतीत आणायची आणि त्यांच्या बेरजेतून आजची गुंतवणूक वजा करायची. जे उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, व्यवहारात ज्याला एनपीव्ही म्हणतात. इथे येणाऱ्या रकमांची आजची किंमत भरते सुमारे ३ कोटी ३९ लाख. चार कोटी वजा केले की ६१ लाखांचा खड्डा दिसतो.

नेमक्या याच टप्प्यावर बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘आकडे काहीही सांगोत, ही गुंतवणूक धोरणात्मक आहे.’ हे वाक्य नेहमीच चुकीचं नसतं. स्वतःची प्रक्रिया असेल तर युरोपातला मोठा खरेदीदार भरवसा ठेवेल, नाव होईल, उद्या दुसऱ्या देशाची बाजारपेठ उघडली तर आपण आधीपासून तयार असू. हे सगळं खरं असू शकतं. माझी हरकत एवढीच, की हे वाक्य उच्चारल्यावर बहुतेक ठिकाणी हिशेब थांबतो. खरं तर तिथूनच तो सुरू व्हायला हवा. धोरणात्मक लाभ किती मिळेल हे सांगणं कठीण असतं. तो किती मिळायलाच हवा, हे मात्र कागदावर काढता येतं.

पहिलं उत्तर सरळ आहे. तो लाभ आजच्या किमतीत किमान ६१ लाखांचा हवा. पण असा लाभ आज कोणी हातात ठेवत नाही. तो आठही वर्षं थोडा थोडा मिळणार असेल, तर दर वर्षी सुमारे १३ लाख रुपये जादा सुटले पाहिजेत. नवा खरेदीदार जोडायला मात्र वेळ लागतो. समजा, पहिली तीन वर्षं काहीच मिळालं नाही आणि लाभ चौथ्या वर्षापासून सुरू झाला. मग उरलेल्या पाच वर्षांत दर वर्षी साडेसव्वीस लाख लागतात. आणि हा लाभ होण्याची शक्यताच दहांत चार असेल, तर यश आलं त्या वेळी वर्षाला ६६ लाख मिळायला हवेत, तेव्हा कुठे सरासरीने खड्डा भरतो.

१३ लाखांपासून ६६ लाखांपर्यंतची ही चढण लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण मूळ प्रकल्पातून वर्षाला सुटणार आहेत ७० लाख. म्हणजे ‘नाव होईल’ या आशेने जवळजवळ मूळ धंद्याइतकंच कमवायला हवं. एवढं समोर आलं की चर्चेचा सूर बदलतो. वर्षाला ६६ लाख जादा सुटायचे तर किती पेट्या जादा जाव्या लागतील, तेवढा निर्यातीच्या दर्जाचा माल आपल्या बागायतदारांकडून मिळेल का, हे विचारता येतं. इथे एक काळजी घ्यायची. शक्यता कमी धरून रक्कम एकदा घटवली, की त्याच अनिश्चिततेपायी व्याजदर १४ वरून २० टक्के करायचा नाही. तसं केलं तर एकाच धोक्याची किंमत दोनदा मोजली जाते आणि चांगला प्रकल्पही हातचा जातो.

धोरणात्मक लाभाचा दुसरा प्रकार अधिक रंजक आहे. त्यात पैसे लगेच येत नाहीत, पुढचं पाऊल टाकण्याची मोकळीक मिळते. मायरन शोल्स आणि फिशर ब्लॅक यांनी १९७३ मध्ये शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढण्याची रीत मांडली. ठरलेल्या भावात खरेदी करण्याचा हक्क, पण सक्ती नाही, असा तो करार असतो. कारखाने आणि यंत्रं यांच्या गुंतवणुकीतही असेच हक्क दडलेले असतात, हे स्ट्युअर्ट मायर्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवलं आणि त्यांना ‘रिअल ऑप्शन’ हे नाव दिलं.

आपल्या निर्यातदारापुढे असा हक्क आहे. युरोपचा अनुभव गाठीशी आला की तीन वर्षांनी तो आठ कोटी घालून मोठी शाखा उभारू शकेल आणि अधिक देशांना माल पाठवेल. आज अंदाज काढला तर ही शाखाही तोट्याचीच दिसते. बाजार चांगला निघाला तर तिच्या मिळकतीची त्या वेळची किंमत साडेअकरा कोटी, वाईट निघाला तर साडेतीन कोटी. दोन्हींची शक्यता सारखी धरली तर सरासरी साडेसात कोटी, आणि खर्च आठ कोटी. तोट्याच्या प्रकल्पाला तोट्याचीच शेपटी, असं कोणीही म्हणेल.

पण तीन वर्षांनी तो डोळे मिटून पैसे घालणार नाही. बाजार वाईट असेल तर शाखा उभारणारच नाही, त्यामुळे तिथे नुकसान शून्य. चांगला असेल तरच आठ कोटी घालेल आणि साडेतीन कोटी मिळवेल. अर्ध्या शक्यतेने साडेतीन कोटी म्हणजे सरासरी १ कोटी ७५ लाख. १४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर ते होतात १ कोटी १८ लाख. असा हक्क मूळ प्रकल्पापेक्षा जास्त जोखमीचा असतो, म्हणून दर २५ टक्के धरून पाहिला, तरी सुमारे ९० लाख उरतात. ६१ लाखांचा खड्डा भरून वर काही शिल्लक राहते.

उलट बाजूनेही विचारता येतं. बाजार चांगला निघण्याची शक्यता किती असली की बरोबरी होते? १४ टक्क्यांच्या दराने २६ टक्के, २५ टक्क्यांच्या दराने ३४ टक्के. म्हणजे तीन वेळांतून एकदा तरी दार उघडेल, असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने पुढे जायला हरकत नाही. ही शक्यता ठरवताना अमेरिकेचा दाखला समोर ठेवावा. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंबा स्वीकारला तो विकिरण प्रक्रिया करण्याच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रातून तो जाऊ लागला. विकिरण अमेरिकी निरीक्षकासमोर व्हावं लागे, आणि कोविडच्या काळात निरीक्षक येऊ न शकल्याने दोन हंगाम ही निर्यात थांबली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. उघडलेलं दार उघडंच राहतं असं नाही. शिवाय प्रत्येक देशाची प्रक्रिया वेगळी. गरम पाण्याच्या टाक्या असल्याने विकिरणाची अट पुरी होत नाही. मोठ्या शाखेचा हक्क या टाक्यांमुळे नेमक्या किती देशांपुरता मिळतो, हे आधी तपासलं पाहिजे.

आता सगळ्यांत जास्त वेळा राहून जाणारा प्रश्न. हाच हक्क दुसरीकडे स्वस्तात मिळतो का? राज्य कृषी पणन मंडळाची वाशीला निर्यातीसाठी प्रक्रिया केंद्रं आहेत. समजा, आपल्या निर्यातदाराने टाक्या बांधल्या नाहीत. तीन हंगाम थोडा माल बाहेरच्या केंद्रातून प्रक्रिया करून पाठवला, प्रवास, भाडं आणि खराबा धरून दर वर्षी पाच लाखांचा तोटा सोसला, पण युरोपातला खरेदीदार, कागदपत्रं आणि अनुभव मिळवला. या तीन वर्षांच्या तोट्याची आजची किंमत साडेअकरा लाखांच्या आसपास. तीन वर्षांनी मोठी शाखा काढण्याची मोकळीक या वाटेनेही मिळत असेल, तर १ कोटी १८ लाखांचं श्रेय टाक्यांना देता येत नाही. तो लाभ दोन्ही वाटांना सारखाच मिळतो, म्हणून तुलनेतून गळतो. उरतो तो खर्चातला फरक, ६१ लाख वजा साडेअकरा लाख. स्वतःच्या टाक्यांनी या जवळजवळ ५० लाखांइतकं काहीतरी वेगळं द्यायला हवं.

असं वेगळं काही असूही शकतं. रत्नागिरीतून वाशीपर्यंतच्या प्रवासात फळाचा एक दिवस जातो, आणि हापूसच्या बाबतीत एक दिवस म्हणजे लहान गोष्ट नव्हे. ऐन हंगामात बाहेरच्या केंद्रात वेळच मिळाला नाही, तर विमानातली जागा फुकट जाते. किंवा खरेदीदार लेखी सांगत असेल, की स्वतःची प्रक्रिया असलेल्या पॅकहाउसशीच करार करू. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि मोजली की ती थेट रोख मिळकतीच्या हिशेबात मांडावी, तिला धोरणात्मक म्हणण्याची गरज राहत नाही. टाक्या नसल्यामुळे सध्याची विक्रीही हळूहळू घटणार असेल, तर ती घटही याच हिशेबात यायला हवी. आज आहे तेवढीच विक्री पुढेही राहील, असं गृहीत धरून तुलना केली तर प्रकल्प आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

समजा, एवढं सगळं करून निर्यातदाराने टाक्या बांधायचं ठरवलं. मग त्याच बैठकीत, पैसे घालण्याआधी, तिसऱ्या हंगामाच्या शेवटी काय पाहायचं ते लिहून ठेवावं. किती खेपा तपासणीत अडल्या, किती खरेदीदारांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा मागणी दिली, प्रक्रियेनंतर किती टक्के फळ टाकावं लागलं. मोठ्या शाखेची किंमत वाईट बाजारात शून्य धरली आहे ती निर्यातदार तेव्हा थांबेल या विश्वासावर. आकडे वाईट असूनही ‘एवढे चार कोटी घातलेच आहेत’ म्हणून त्याने आणखी आठ कोटी घातले, तर त्या वेळी साडेचार कोटींचं नुकसान होतं. मग १ कोटी १८ लाखांचा हिशेब उलटतो, आणि दोन्ही परिस्थितींची सरासरी काढली तर मोठी शाखा स्वतःच ५० लाख तोट्याची ठरते. तिसऱ्या हंगामानंतर थांबण्याचा निर्णय कोण घेईल, त्याचं नाव त्या कागदावर असावं, आणि टाक्या उभारण्यासाठी आग्रह धरणारा माणूस शक्यतो तो नसावा.