इशारा दिला, देण्यात आला, की मिळाला? भंडारदऱ्याच्या पाण्यावरून कर्तरी-कर्मणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे दोन-तीनदा सांगितलं, ते इथे एकदाच ठेवलंय.

पावसाळ्यात अकोले, संगमनेर भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका प्रकारचा मेसेज हमखास फिरतो. भंडारदरा भरत आलं, प्रवरेला पाणी सुटणार, काठावरच्या लोकांनी सावध राहा. आज अशाच एका मेसेजवर आपण व्याकरण करणार आहोत. मेसेजचा नमुना मीच बनवलाय, पण वळण तुमच्या ओळखीचं वाटेल:

"जलसंपदा विभागाने भंडारदरा धरणातून प्रवरा नदीत पाणी सोडले आहे. जलसंपदा विभागाने नदीकाठच्या गावांना इशारा दिला आहे. जलसंपदा विभागाने पर्यटकांना नदीपात्रात न उतरण्याची सूचना दिली आहे."

तीन वाक्यं, आणि तिन्हींची सुरुवात विभागाने. व्याकरणात चूक काहीच नाही. पण काठावर ज्याची मोटार बसवलेली आहे, ज्याची जनावरं बांधलेली आहेत, त्याला आधी काय कळायला हवं? पाणी. विभाग कोणता हे त्याला माहीतच आहे, धरणाचे दरवाजे दुसरं कोण उघडणार? म्हणून पहिलं वाक्य असं केलं की बरं वाटतं: "भंडारदरा धरणातून प्रवरा नदीत पाणी सोडण्यात आले आहे."

करणारा उघड आहे, किंवा माहीत नाही, किंवा त्याच्याशी ऐकणाऱ्याला देणंघेणं नाही, आणि ज्याच्यावर क्रिया झाली तीच खरी बातमी आहे. अशा वेळी पॅसिव्ह चांगला. "विल्सन डॅम १९२६ साली बांधून पूर्ण करण्यात आला" हे वाक्यही याच कारणाने ठीक आहे. बांधणारे हात हजारो होते, आणि आपण बोलतोय धरणाबद्दल.

आधी एक गुंता सोडवू

शाळेत आपण शिकलो की "विभागाने पाणी सोडले" हा कर्मणी प्रयोग. बरोबर आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: पाणी सोडले, कालवा सोडला, आवर्तने सोडली. मग पुष्कळांना वाटतं की हे झालं पॅसिव्ह. तसं नाही. प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं यावरून. पॅसिव्ह ठरतो तो करणाऱ्याला मागे सारलंय का यावरून. "विभागाने पाणी सोडले" यात विभाग ठळकपणे पुढे उभा आहे. इंग्रजीच्या हिशेबात हे अ‍ॅक्टिव्हच.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणाऱ्या मराठी रचना दोन. एक, "पाणी सोडले जाते". ही नेहमी घडणाऱ्या गोष्टीला शोभते: शेतीसाठी आवर्तनाचं पाणी सोडलं जातं. दुसरी, "पाणी सोडण्यात आले". ही एखाद्या ठरवून केलेल्या, बहुधा सरकारी कामाला शोभते. जुन्या व्याकरणांत यातल्या पहिल्या रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात.

आणि "पाणी सुटलं"? त्यात करणारा मुळातच नाही. सोडणे आणि सुटणे, फोडणे आणि फुटणे, अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत, त्यामुळे बोलताना आपल्याला पॅसिव्हची गरज फारशी पडतच नाही. गावातला माणूस "नदीला पाणी सुटलं" एवढंच म्हणतो.

आता दोन कर्मांचं वाक्य

नमुन्यातलं दुसरं वाक्य घ्या: "जलसंपदा विभागाने गावांना इशारा दिला." काय दिला? इशारा. हे प्रत्यक्ष कर्म. कोणाला दिला? गावांना. हे अप्रत्यक्ष कर्म. देणे, सांगणे, विचारणे, दाखवणे, शिकवणे, पाठवणे या क्रियापदांना अशी दोन कर्मं लागतात.

इंग्रजीत या वाक्याचे दोन पॅसिव्ह होतात. गावकऱ्यांना पुढे आणलं तर "द व्हिलेजर्स वेअर गिव्हन अ वॉर्निंग". इशाऱ्याला पुढे आणलं तर "अ वॉर्निंग वॉज गिव्हन टू द व्हिलेजर्स". दोन्ही बरोबर. परीक्षेत दोन गोष्टी तपासा. जे पुढे आणलं त्याप्रमाणे वॉज की वेअर, आणि वस्तू पुढे आणली असेल तर माणसाआधी टू आलंय ना. एक मर्यादाही लक्षात ठेवा. एक्सप्लेन हे क्रियापद देणे-सांगणेसारखं वाटतं, पण इंग्रजीत "ही एक्सप्लेन्ड अस द रूल" चालत नाही, टू अस लागतं. म्हणून त्याचा माणूस पुढे आणलेला पॅसिव्हही होत नाही. "द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू अस" एवढाच होतो.

मराठीत मात्र दार एकच आहे. कर्ता व्हायचा मान फक्त प्रत्यक्ष कर्माला. "गावांना इशारा देण्यात आला." इंग्रजीवरून उचलून कोणी "गावे इशारा देण्यात आली" असं केलं, तर ऐकताक्षणीच कानाला खटकतं.

हे का होतं याची खूण सोपी आहे. ज्या शब्दाला ला, ना लागलं, त्याच्याकडे क्रियापद बघत नाही. गावांना हा शब्द ना घेऊन बसलाय, म्हणून क्रियापद इशाऱ्याकडे बघतं. वस्तू बदलून पाहा: गावांना इशारा देण्यात आला, गावांना सूचना देण्यात आली, गावांना पत्र देण्यात आले. गावांच्या जागी एका गावाला, एका बाईला, शंभर पर्यटकांना ठेवा, क्रियापद हलणार नाही.

हीच खूण आणखी एका ठिकाणी कामाला येते. "जनावरे हलवण्यात आली" आणि "जनावरांना हलवण्यात आले" ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. दुसऱ्यात जनावरांना ना लागलं, क्रियापदाला बघायला कोणी उरलं नाही, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबलं. "जनावरांना हलवण्यात आली" ही मात्र सरमिसळ, आणि घाईत लिहिलेल्या बातम्यांत ती सापडते.

मग मराठीत माणसाला पुढे आणायचं कसं? नुसती जागा बदलून. "गावांना इशारा देण्यात आला" म्हटलं की गोष्ट गावांची. "इशारा गावांना देण्यात आला" म्हटलं की जोर गावांवर, म्हणजे दुसऱ्या कोणाला नाही. इंग्रजीला जे काम रचना बदलून करावं लागतं, ते मराठी शब्दांच्या क्रमाने करते.

देण्यात आला, पण मिळाला का?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इंग्रजीतला "व्हिलेजर्स वेअर गिव्हन" मराठीत सहज आणायचा तर आपल्या तोंडात आणखी एक वाक्य येतं: "गावांना इशारा मिळाला." देणे-मिळणे, सांगणे-कळणे, दाखवणे-दिसणे या जोड्या घेणाऱ्याच्या बाजूने बोलतात. पण त्या पॅसिव्हच्या जागी डोळे झाकून ठेवता येत नाहीत, कारण अर्थ बदलतो.

पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेलेल्यांना हे लगेच पटेल. वाटाड्याने रतनवाडीतून बोट करून सांगितलं, तो बघा रतनगड. समोर नुसतं धुकं. म्हणजे पर्यटकांना रतनगड दाखवण्यात आला, पण दिसला नाही. वाक्य अगदी खरं आहे.

इशाऱ्याचंही तसंच. समजा, मेसेज रात्री दोन वाजता ग्रुपवर पडला आणि डोंगराआडच्या वाडीत रेंज नव्हती. "इशारा देण्यात आला होता" हे खरं. "इशारा मिळाला होता" हे खोटं. पहिलं वाक्य देणाऱ्याचं काम झालं एवढंच सांगतं. म्हणून पुढच्या वेळी "नागरिकांना पूर्वसूचना देण्यात आली होती" असं वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा: कोणी दिली, कधी दिली, आणि पोचली का? पॅसिव्ह वाक्यात यातलं पहिलं उत्तर गळतं आणि तिसरं आहे असा भास होतो.

कडून जरा जपून

करणाऱ्याला परत आणायला आपण कडून जोडतो. पण दोन कर्मांच्या वाक्यात तो फसवतो. "सरपंचांकडून गावकऱ्यांना निरोप देण्यात आला." निरोप सरपंचांचा होता, की तहसील कार्यालयाचा आणि सरपंचांमार्फत आला? कडूनचे दोन्ही अर्थ होतात. अशा वेळी सरळ अ‍ॅक्टिव्हकडे या: "सरपंचांनी गावकऱ्यांना निरोप दिला", किंवा "तहसील कार्यालयाने सरपंचांमार्फत निरोप दिला". करणारा सांगणं जरुरीचं असेल, तर बहुतेक वेळा अ‍ॅक्टिव्हच बरा.

नमुना पुन्हा लिहू

तिसरं वाक्य राहिलं, पर्यटकांचं. त्याचा पॅसिव्ह नियमाने होतो: "पर्यटकांना नदीपात्रात न उतरण्याची सूचना देण्यात आली आहे." पण हे वाक्य पर्यटकाशी बोलत नाही, सूचनेबद्दल बोलतं. जिवाशी गाठ असते तिथे समोरच्याला थेट सांगावं. म्हणून मी मेसेज असा लिहीन:

"भंडारदरा धरणातून प्रवरा नदीत पाणी सोडण्यात आले आहे. नदीकाठच्या गावांना इशारा देण्यात आला आहे. पर्यटकांनो, पात्रात उतरू नका. ज्या वाडीत हा निरोप पोचला नसेल, तिथे फोन करून सांगा."

पहिल्या दोन वाक्यांत करणारा उघड आहे, म्हणून पॅसिव्ह. तिसऱ्या-चौथ्यात करायचं आहे ते वाचणाऱ्याने, म्हणून अ‍ॅक्टिव्ह.

सरावाला एक वाक्य देतो: "शिक्षिकेने मुलींना दोन प्रश्न विचारले." इंग्रजीत याचे दोन पॅसिव्ह करा, मराठीत एक. मराठी उत्तरात क्रियापद मुलींकडे बघतंय की प्रश्नांकडे, तेवढं तपासा आणि कमेंटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात.