झेंडू कडेला, साडी मध्ये

हैदराबादच्या सुलतान बाजारात आता रस्त्यावर मेट्रोचा पूल आहे. त्याच्या सावलीत दिवाळीच्या सेलचा गडद फलक विझल्यासारखा दिसतो, म्हणून मागचा रंग फिकट क्रीम ठेवावा.

समजा, फलक १० फूट बाय ४ फूट आहे. वरच्या कडेला झेंडूचं तोरण ६ इंचांपेक्षा खाली उतरू देऊ नये. पणत्या खालच्या दोन कोपऱ्यांतच, फूटभर उंचीच्या असाव्यात. साडीला मधली निम्मी रुंदी मिळावी आणि तिच्याभोवती मोकळी जागा राहावी. ही जागा भरून काढण्याचा मोह दुकानदाराला हमखास होतो, पण साडी उठून दिसते ती या मोकळ्या जागेमुळेच. साडी केशरी असेल तर ती झेंडूत हरवते. अशा वेळी निळी किंवा हिरवी निवडावी.

पणत्या कडेपासून ३ इंच आत घ्याव्यात, नाहीतर दोरीची भोकं त्यांच्यावरच पडतात. ३० फुटांवरून वाचायचं तर अक्षरं किमान ३ इंच उंच हवीत.

छापण्यापूर्वी फलक मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढा करून पाहा. आधी तोरण दिसलं, तर फुलं कमी करा.