दरवळ, घमघमाट आणि भपकारा

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर पसरलेल्या ग्रंथींतून येणारा घाम म्हणजे मुख्यतः खारट पाणी. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिने व स्निग्ध पदार्थही असतात. हा स्राव त्वचेवरच्या जीवाणूंचे खाद्य ठरतो. ते त्याचे तुकडे करतात आणि त्यातून आंबूस किंवा चिरलेल्या कांद्यासारखा जो वास निघतो, त्याला लोक घामाचा वास म्हणतात.

एवढे समजले की ऑफिसात पोहोचल्यावर स्वच्छतागृहात शिरून शर्टाच्या वरूनच डिओ मारण्याचा उपयोग का होत नाही, हे कळते. जीवाणू कातडीवर असतात आणि फवारा कापडावर बसतो. कांदा आणि लव्हेंडर दोन्ही एकत्र येऊ लागतात, आणि ते मिश्रण नुसत्या घामापेक्षा वाईट. डिओडरंट दोन गोष्टी करते: जीवाणूंची वाढ रोखते आणि वर सुगंध चढवते. घाम थांबवणे त्याच्या आवाक्यात नाही. ते काम अँटिपर्स्पिरंटचे. त्यातले ॲल्युमिनिअमचे क्षार घामाच्या नलिकेच्या तोंडाशी तात्पुरते बूच बनवतात. हे बूच बसायला काख कोरडी लागते, म्हणून ते रात्री झोपताना लावावे; सकाळच्या अंघोळीनंतरही त्याचा परिणाम टिकतो. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेले असतात आणि लोक दोन्हींना सरसकट डिओ म्हणतात. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ॲल्युमिनिअम दिसले तर ते अँटिपर्स्पिरंट. पांढऱ्या शर्टाच्या काखेत पिवळट, कडक डाग पडू लागतात, त्यात याच क्षारांचा हात असतो.

कापडाचाही वाटा मोठा आहे. पॉलिस्टरचा शर्ट घामातले स्निग्ध पदार्थ धरून ठेवतो आणि दुर्गंध निर्माण करणारे काही जीवाणू त्यावर सुतीपेक्षा जोमाने वाढतात. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट अंगात चढवून तासाभरात कुबट येऊ लागला, तर बहुधा दोष माणसाचा नसून त्या शर्टाचा असतो.

घामाचा प्रश्न असा न्हाणीघरात आणि कपाटात सुटतो. परफ्यूम ही निराळी गोष्ट आहे, आणि ऑफिसातल्या तक्रारी बहुतेकदा तिथून सुरू होतात. बाटलीवर 'ओ द कोलोन' असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण 2 ते 4 टक्के असतो, 'ओ द तॉयलेत'मध्ये 5 ते 15 आणि 'ओ द परफ्यूम'मध्ये 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतांश अल्कोहोल. कोलोनच्या सवयीने जो चार फवारे मारतो, त्याने नवी बाटली 'परफ्यूम'ची आणली तर तेवढ्याच चार फवाऱ्यांत कितीतरी पट अर्क अंगावर जातो. कनौजच्या जुन्या पद्धतीच्या अत्तरात तर अल्कोहोल नसतेच, चंदनाच्या तेलात फुलांचा अर्क मुरवलेला असतो. म्हणूनच ते कापसाच्या बोंडाएवढ्या फायाने कानामागे टेकवण्याची रीत पडली. मात्रा ठरवण्याची ही पद्धत फवाऱ्यापेक्षा शहाणपणाची होती, असे म्हणायला हरकत नाही.

मात्रा चुकण्याचे खरे कारण मात्र नाकात आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडून देते. सकाळी नऊला लावलेला सुगंध साडेनऊला लावणाऱ्याच्या लेखी उडून गेलेला असतो, आणि नुकत्याच आत आलेल्या माणसाला मात्र तो दारापासून जाणवतो. दुपारी 'आता काही वास येत नाही' म्हणून आणखी दोन फवारे मारले जातात. सकाळच्या मारव्यातले लिंबू-संत्र्याचे हलके वास अर्ध्या तासात गेलेले असले, तरी कस्तुरी, चंदन, अंबर असे जड वास दिवसभर त्वचेवर बसून असतात. नवा थर त्यांच्यावरच चढतो. स्वतःच्या सुगंधाचा सर्वांत अविश्वासू परीक्षक म्हणजे तो लावणारा. हातभर अंतरावरच्या माणसाला वास आला नाही पाहिजे, ही कसोटी दुसऱ्याच्याच नाकावर घ्यावी लागते. लिफ्टमधून उतरल्यावरही लिफ्टमध्ये वास मागे राहत असेल, तर दरवळीचा घमघमाट झाला आहे.

बंद खोलीत हे आणखी बिघडते. भिंतीवरचा स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. खिडक्या बंद असलेल्या दहा जणांच्या खोलीत एकाचे परफ्यूम दहाही जण दिवसभर हुंगतात.

सुगंधाने छाप पडते हा समजही अर्धाच खरा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरन यांनी 1983 मध्ये नोकरीच्या मुलाखतींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उमेदवाराने सुगंध लावलेला असताना मुलाखत घेणाऱ्या स्त्रियांनी जास्त गुण दिले, पुरुषांनी कमी. समोर कोण बसणार हे माहीत नसताना परफ्यूमवर भिस्त ठेवणे म्हणजे जुगारच.

काहींच्या बाबतीत प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. अर्धशिशी असलेल्या अनेकांना उग्र वासाने झटका येतो, दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळतात. ही प्रत्येक वेळी ॲलर्जी नसते. झोंबणारी रसायने नाकातल्या वेगळ्याच चेतातंतूला, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेला, डिवचतात. इतरांना वासाची सवय होऊन तो जाणवेनासा होतो, पण म्हणून या माणसाचे ठणकणे थांबत नाही. 'जरा वेळाने सवय होईल' हा सल्ला इथे फुकट जातो.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या नियोजन विभागात हे प्रकरण कोर्टात गेले. नव्या सहकारी स्त्रीचे उग्र परफ्यूम आणि तिने भिंतीत खोचलेले सुगंधी यंत्र यांमुळे एका कर्मचारी महिलेला श्वास घेणे कठीण होऊ लागले. यंत्र बंद झाले, परफ्यूम राहिले. तिने अपंगत्वविषयक कायद्याखाली दावा लावला. 2010 मध्ये एक लाख डॉलर देऊन तो मिटला आणि कर्मचाऱ्यांनी सुगंधी वस्तू लावून येऊ नये, अशी सूचना शहराला काढावी लागली. बोलून सुटण्याजोगी गोष्ट वर्षानुवर्षे रेंगाळली.

बोलताना कारण स्वतःकडे घेतले की काम सोपे होते: "मला अर्धशिशी आहे हो, परफ्यूमने लगेच डोकं उठतं. ऑफिसला येताना नाही लावलंत तर बरं होईल." समोरच्याची आवड इथे वाईट ठरत नाही. घामाच्या वासाबद्दल सांगणे अधिक नाजूक, ते वरिष्ठाने एकट्याला गाठून, दार लावून सांगावे. गटाच्या व्हॉट्सॲपवर स्वच्छतेचा सुविचार टाकल्याने ज्याला कळायला हवे तो सोडून सगळ्यांना कळते.

परफ्यूम बंद करूनही तक्रार चालू राहिली, तर शोध पुढे न्यावा लागतो. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्ये मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' हा शब्द त्यापेक्षा भरवशाचा. ऑफिसच्या देव्हाऱ्यातली सकाळची उदबत्ती आणि स्वच्छतागृहातले रूम फ्रेशनरही तपासावे. आणि शेवटी कपडे: फॅब्रिक कंडिशनरचा सुगंध कापडात असा मुरतो की तो वापरणे थांबवल्यावरही शर्ट दोन-तीन वेळा धुवेपर्यंत येत राहतो.