कापड आटलं, ऑर्डर थांबली: एका पत्राचा उलगडा

सोलापुरात शालेय गणवेश शिवणारी कितीतरी छोटी युनिटं आहेत. दहा-बारा मशीन, एक कटिंग टेबल, एक मास्टर आणि काजं-बटणाचं काम वस्तीतल्या घरांत, असा त्यांचा पसारा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचला नाही तर त्याला गिऱ्हाईक राहत नाही. म्हणून मे महिन्यात व्यापाऱ्याला ‘माल उशिरा येईल’ असं लिहिणं मालकाला जड जातं. अशाच एका युनिटच्या मालकिणीचं पत्र हे वाचण्यासारखं आहे, कारण त्यात गयावया नाही, मापं आहेत.

‘स. न. वि. वि. आपल्या 1,200 सुती शर्टांपैकी 300 रवाना केले आहेत. बाकीचे 12 दिवस उशिरा मिळतील. कापडाच्या दुसऱ्या लॉटमधला पहिला शर्ट धुऊन पाहिला. 70 सेंटिमीटरची लांबी 66.5 झाली. छाती जवळपास तेवढीच राहिली.’

या शेवटच्या वाक्यात खरं निदान आहे. मागावर उभा धागा, म्हणजे ताणा, ओढून धरलेला असतो. पुढे रंगणी-धुलाईतही कापड लांबीच्याच दिशेनं ओढलं जातं. घरी पाण्यात पडलं की सूत फुगतं, उभ्या धाग्याला आडव्यावरून जास्त वळसा घ्यावा लागतो आणि कापड लांबीत आटतं. म्हणून शर्ट आखूड होतो, अरुंद फारसा होत नाही. मास्टरनं कापताना चूक केली असती तर शर्ट आखूड असूनही सपाट दिसला असता. इथे पॉलिएस्टर दोरा आटला नव्हता, त्यामुळे उभ्या शिलाईला चुण्या पडल्या होत्या. कॉलरच्या आतलं फ्युजिंगही आटलं नाही आणि वरच्या कापडाला फुगे आले. पत्रात या दोन्ही खुणा लिहून तो शर्ट सोबत पाठवला आहे.

‘दुसऱ्या लॉटच्या थानांतून तुकडे घेऊन 50 सेंटिमीटरचा चौकोन आखला, धुऊन वाळवला. उभ्यात 47.5 भरला, आडव्यात 49.5. म्हणजे लांबीत 5 टक्के आट. पहिल्या लॉटमध्ये ती 1 टक्का होती.’

एकाच गिरणीचं, एकाच रंगाचं कापड असूनही हा फरक पडतो, कारण आट घालवण्याचं काम प्रोसेसमध्ये लॉटनुसार होतं. त्या प्रक्रियेला सॅनफरायझिंग म्हणतात. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांच्या नावावरून हे नाव पडलं. ओलसर कापड जाड रबरी पट्ट्यावर दाबून चालवतात. वळणावर ताणलेला पट्टा सरळ होताना आखडतो आणि आपल्याबरोबर कापडही लांबीत दाटून घेतो. मग गरम सिलिंडरवर ते तसंच वाळवतात. हे दाटणं कमी पडलं तर उरलेली आट गिऱ्हाइकाच्या बादलीत निघते.

पॅटर्न वाढवून कापणं हा सोपा मार्ग होता. 5 टक्के आटून 70 उरायचे तर सुमारे 73.7 सेंटिमीटर कापावे लागतात. पण चुण्या आणि कॉलरचे फुगे त्यानं जात नाहीत. म्हणून न कापलेलं 1,000 मीटर कापड पुन्हा सॅनफराइझ करायला पाठवलं. आट 1 टक्क्यावर आणायची तर साधारण 40 मीटर लांबी तिथेच कमी होते. शर्टाला सरासरी सव्वा मीटर धरलं तर 32 शर्टांचं कापड नव्यानं घ्यावं लागलं. उशिराचे दिवस या फेरीत आणि या खरेदीत गेले.

36 साइजचे 100 शर्ट मात्र आधीच कापून झाले होते. त्यांची लांबी धुऊन 66.5 होणार, आणि 34 साइजची ठरलेली लांबी तेवढीच आहे. मास्टरनं त्यांची रुंदी उतरवून 34 काढले. कॉलर सुधारलेल्या कापडाच्या लावल्या. उभ्या शिलाया कमी ताणावर घातल्या. तरी थोड्या चुण्या राहतील, हे पत्रात स्पष्ट लिहून त्या 100 शर्टांना सवलत देऊ केली आहे.

कापड पुरवणाऱ्याशी भरपाईचं बोलणं युनिट करेल, त्याचा भार तुमच्यावर नाही, असंही त्यात आहे. शेवटची ओळ व्यवहाराची: ‘माल पोचल्यावर, सवलतीचे 100 शर्ट सोडून, प्रत्येक गाठोड्यातला एक शर्ट धुऊन मोजा. लांबी 1 टक्क्याहून जास्त आटली तर ते गाठोडं परत पाठवा, भाडं आमचं.’ व्यापाऱ्याला आता मालकिणीच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. टेप आणि पाणी त्याच्याकडे आहेतच.