जनावराच्या सांभाळासाठी मृत्युपत्रात पैसे कसे ठेवावेत

भारतीय कायद्यात गाय, बैल किंवा कुत्रा यांना मालमत्ता बाळगता येत नाही. उलट ती स्वतःच मालकाची जंगम मालमत्ता मानली जातात. म्हणून ‘माझ्या मागे दोन लाख रुपये कपिला गायीला द्यावेत’ असे मृत्युपत्रात लिहिले, तर त्याचा उपयोग होत नाही. पैसे घेणारा कायद्याला मान्य असा कोणी नसतो, आणि ती रक्कम उरलेल्या मालमत्तेत मिसळून वारसांकडे जाते. गायीसाठी खासगी ट्रस्ट करण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. पण १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या नवव्या कलमानुसार लाभार्थी हा मालमत्ता बाळगू शकणारा असावा लागतो, आणि तिथेही जनावर बसत नाही. इंग्लंडमधल्या न्यायालयांनी याबाबत जरा सैल हात ठेवला होता. १८४२ मध्ये एका काळ्या घोडीच्या सांभाळासाठी वर्षाला ५० पौंड देण्याची तरतूद तिथे मान्य झाली. त्या जुन्या निकालांवर विसंबून इथे मृत्युपत्र लिहिणे मात्र धोक्याचे आहे.

इथे चालणारी वाट एकच: पैसे माणसाला द्यायचे, जनावरही त्यालाच द्यायचे, आणि दोन्ही एकमेकांना बांधून टाकायचे. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. त्यांतही जबाबदारी घरातल्या जुन्या आचाऱ्यावर सोपवल्याचे म्हटले होते.

ही गाठ कशी मारायची, यावर सगळे अवलंबून आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यातली १२२ आणि १२३ ही दोन कलमे इथे नीट समजून घ्यावी लागतात. देणगीसोबत जबाबदारी जोडलेली असेल, तर ती पूर्ण स्वीकारल्याशिवाय घेणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही, असे १२२ वे कलम सांगते. पण एकाच माणसाला दोन वेगळ्या, स्वतंत्र देणग्या दिल्या असतील, तर त्याला फायद्याची ठेवून ओझ्याची नाकारता येते, असे १२३ वे. आता एक मृत्युपत्र पाहा. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे, ‘माझी गाय शेजारच्या रमेशला द्यावी.’ सातव्यात लिहिले आहे, ‘रमेशला सात लाख रुपये द्यावेत.’ लिहिणाऱ्याच्या मनात दोन्हींचा संबंध पक्का आहे, पण कागदावर तो कुठेच नाही. रमेशला सात लाख घेऊन गाय नाकारायची मोकळीक मिळाली. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, शक्यतो एकाच वाक्यात याव्यात: गाय तिच्या हयातीपर्यंत स्वतःकडे ठेवून सांभाळण्याच्या अटीवर ही रक्कम दिली आहे. त्याच्या लगेच खाली, रमेशने गाय नाकारली, विकली किंवा तो तिला सांभाळू शकला नाही, तर गाय आणि उरलेली रक्कम दुसऱ्या कोणाकडे जाईल, हेही लिहावे. अशी पर्यायी देणगी १३१ व्या कलमात बसते. पर्याय न लिहिलेली अट कमजोर राहते, कारण ती मोडली तर पुढे काय करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही.

रक्कम ठरवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका विधवा बाईंकडे आठ वर्षांची देशी गाय आहे. मुले शहरात आहेत, आणि शेजारचा रमेश आधीपासून धारा काढतो, वैरण घालतो. देशी गाय चांगली निगा असेल तर अठरा-वीस वर्षे जगते, म्हणजे अजून दहा-बारा वर्षांचा हिशेब करायला हवा. ओला चारा, कडबा आणि थोडी पेंड मिळून रोजचा खर्च १५० रुपये धरला, तर वर्षाला सुमारे ५५ हजार होतात. लस, औषधे आणि डॉक्टर यांचे पाच हजार मिळवले की ६० हजार. ठेवीवरचे व्याज आणि चाऱ्याची भाववाढ एकमेकांना साधारण भरून काढतात असे मानले, तर बारा वर्षांना सात लाख वीस हजार लागतात. दुधाचे उत्पन्न यातून वजा न केलेले बरे. गाय भाकड झाल्यावरच खरी सोय लागते, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे म्हाताऱ्या जनावराचा खर्च शेवटपर्यंत कोणाला तरी उचलावाच लागतो. दूध आणि वासरे रमेशची असतील, हे मात्र स्पष्ट लिहावे. वाद बहुधा वासरांवरूनच उभे राहतात.

सगळी रक्कम एकदम रमेशच्या हाती देऊ नये. ती एक्झिक्युटरच्या, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवावी, आणि त्याने दर तीन महिन्यांनी १५ हजार रुपये द्यावेत. त्याआधी गाय जिवंत आणि धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा. यात एक जुनी पंचाईत आहे. गाय मेल्यावर उरलेले पैसे रमेशला मिळणार असतील, तर ती लवकर मरण्यात त्याचा फायदा. ते दुसऱ्याला जाणार असतील, तर ती मेल्याचे लपवण्यात फायदा. दुसरा धोका आवरणे सोपे आहे. गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. तो क्रमांक मृत्युपत्रात लिहावा आणि दाखल्यावरही मागावा, म्हणजे जागी दुसरी गाय उभी करता येत नाही. उरलेले पैसे मात्र तिसऱ्याच कोणाला तरी जावेत. एक्झिक्युटर आणि सांभाळणारा एकच माणूस ठेवू नये, कारण मग दाखला मागणारे कोणी उरत नाही. गाय स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही, त्यामुळे ही देखरेख हाच तिचा एकमेव आधार असतो.

क्रमांक लिहिण्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ती विशिष्ट गाय मालकाच्या आधी मेली किंवा विकली गेली, तर तिच्यापुरती देणगी संपते, आणि नंतर घेतलेली गाय उघड्यावर पडते. म्हणून क्रमांकाबरोबर ‘किंवा माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची जी गुरे असतील ती’ हे शब्द घालावेत.

सांभाळणारा माणूस नसेल, तर गोशाळा किंवा पांजरपोळ हा पर्याय उरतो. संस्था कायद्याने व्यक्तीच मानली जात असल्याने तिला थेट देणगी देता येते. मात्र संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहावी, आणि हीच गाय घेऊ, असे तिच्याकडून आधीच लेखी घ्यावे. नुसती रक्कम दिली, तर ती संस्थेच्या सर्वसाधारण खर्चात जाते आणि गाय दारातच राहते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांत सांभाळणारा नसावा. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास उपयोगी पडते. एवढे करूनही एक फट राहते. मृत्यूनंतर पैसे मोकळे व्हायला महिने लागतात, वारसांनी हरकत घेतली तर वर्षेही, आणि गायीला तर दुसऱ्याच सकाळी वैरण लागते. त्यासाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे या उदाहरणात ३० हजार रुपये, रमेशसोबतच्या संयुक्त खात्यात ठेवावेत. दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला पैसे काढता येतील, असे ते खाते असावे. बँकेने पैसे दिले म्हणून रमेश त्यांचा मालक होत नाही, वारस ते परत मागू शकतात; म्हणून हे खाते गायीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी रमेशला दिले आहे, हे वाक्यही मृत्युपत्रात हवे.