डेल्टा सरकतो तेव्हा

समजा, 1,500 रुपयांचे 500 शेअर हाती आहेत आणि त्यांवर 1,560चा कॉल विकला. तेव्हा कॉलचा डेल्टा 0.30, म्हणजे शेअर रुपयाने चढला तर 500 नव्हे, साधारण 350 रुपयेच पदरात पडतात. भाव 1,560ला भिडला, डेल्टा 0.52 झाला, की उरतात 240. म्हणून मी 0.50ला अलर्ट लावतो, आणि डेल्टा 0.45खाली उतरल्यावरच तो पुन्हा सुरू होतो. नाहीतर सीमेवर घुटमळणारा भाव फोन दिवसभर वाजवत ठेवतो.

मार्जिनचं गणित वेगळं. 1.6 लाखांपैकी 1.2 लाख अडकले, म्हणजे वापर 75 टक्के. बाजार बिथरला, की शेअर जागचा न हलताही मार्जिन वाढतं; त्यामुळे तिथला अलर्ट 80ला हवाच.